जाम पिस्टन आणि तेल नसलेलं 'ब्रेक ऑइल'

पावसाळा सरता सरता चिपळूणच्या एका गॅरेजात मोटरसायकल आली. पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड संपले होते आणि नवे काही केल्या बसत नव्हते. मुख्य स्टँडवर पुढचं चाक उचललं तरी ते घासतच फिरत होतं.

मेकॅनिकने आधी ब्लीडर निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं आणि निप्पल किंचित सैल केलं. चाक तेवढ्याने सुटलं असतं, तर दोष ब्रेकच्या पाइपमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये होता. ते सुटलं नाही. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकत होत्या. म्हणजे अडकला होता तो पिस्टनच.

पिस्टनभोवतीचं रबरी सील लिव्हर दाबला की किंचित वाकतं आणि सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड झिजत जातो तसा पिस्टन बाहेर येत राहतो आणि त्याच्या उघड्या भागावर चिखल, गंज साठतो. नवे जाड पॅड बसवायचे तर तोच भाग सीलखालून आत जायला हवा.

म्हणून लगेच क्लॅम्प लावायचा नाही. पाइप न काढता कॅलिपर डिस्कवरून उतरवला, जुना पॅड आणि लाकडाची चीप समोर धरली आणि लिव्हर हळूहळू दाबून पिस्टन काही मिलिमीटरच बाहेर आणला. तो पूर्ण निघाला तर सगळं ब्रेक ऑइल सांडतं. उघडा भाग ताज्या ब्रेक ऑइलने आणि टूथब्रशने घासून पुसला, मग जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने सरळ आत ढकलला. असं तीन-चार वेळा केल्यावर पिस्टन हाताच्या जोराने सरकू लागला. त्यावर खड्डे दिसले असते, तर पिस्टन आणि सील दोन्ही बदलावे लागले असते.

इथे घासायला डिझेल किंवा इंजिन ऑइल चालत नाही. 'ब्रेक ऑइल' हे नावापुरतं तेल. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉल ईथर जातीची द्रवं आहेत, आणि खनिज तेल लागलं की त्यांच्यासाठीची सीलं फुगतात. हीच द्रवं रंग मात्र उचकटतात. पिस्टन आत जातो तशी वरच्या टाकीतली पातळी चढते, म्हणून झाकण उघडून थोडं ऑइल आधीच सिरिंजने काढलं होतं. तरी एक थेंब पेट्रोलच्या टाकीवर पडलाच. तो न चोळता भरपूर पाण्याने धुतला. ही द्रवं पाण्यात विरघळतात.

काढलेलं ऑइल परत ओतलं नाही. ते हवेतली ओल शोषतं आणि ओलीने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ साठी किमान मर्यादा कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर १५५.

नवे पॅड बसले, निप्पल उघडलं होतं म्हणून हवा काढली गेली. लिव्हर पहिल्या काही दाबांत पोकळ लागला. पॅड डिस्कला भिडल्यावर घट्ट झाला. त्यानंतरच गाडी गॅरेजाबाहेर गेली.