शिवीगाळ, टार्गेट, रोस्टर : नोंद कशी ठेवाल?

रात्रपाळीतली तक्रार बऱ्याचदा तारखेवर अडते. 14 तारखेला रात्री 9 वाजता सुरू झालेल्या पाळीत टीम लीडरने 2.10 वाजता शिवी दिली, तर कॅलेंडरवर 15 तारीख असते, हजेरीत 14. म्हणून दोन्ही लिहा : ‘14ची पाळी, 15 तारीख, रात्री 2.10’. पुढे त्याचे शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. ‘अपमान केला’ एवढ्याने भागत नाही. शेजारी कोण होतं, तेही हवं. फ्लोअरवर मोबाइलला बंदी असेल, तर घरी जाताना कॅबमध्येच लिहून काढा.

टार्गेट हुकल्याची शिक्षा अनेकदा रोस्टरमधून येते. ठरलेली सुट्टी हलवली जाते, दोन पाळ्यांमधली झोप कापली जाते. हे उघड अन्यायाचं आहे, पण शेअर्ड शीटवर नवं रोस्टर चढलं की जुनं दिसत नाही. म्हणून प्रत्येक रोस्टर लागताच वहीत उतरवून घ्या. बदल तोंडी सांगितला, तर लगेच मेल करा : ‘आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे माझी रविवारची सुट्टी रद्द झाली आहे. कारण कळवावे.’ उत्तर आलं नाही, तरी मेल राहतो.

ग्राहकांची माहिती किंवा कॉलचं रेकॉर्डिंग स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तेच कारण दाखवून नोकरी जाऊ शकते. त्याऐवजी रेकॉर्डिंग आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, अशी लेखी मागणी एचआरकडे तातडीने करा.

लैंगिक छळ असेल, तर महिलांनी 2013च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी.