मधलं घर आधी भरा

पाचवी ते आठवीच्या गणिताच्या वर्कशीटवर जादूचा चौरस हमखास भेटतो. नऊ घरं, त्यांतली काही भरलेली, आणि खाली सूचना: आडव्या, उभ्या आणि तिरप्या ओळींची बेरीज सारखी आली पाहिजे. बहुतेक मुलं खोडरबर जवळ घेऊन अंदाजाने आकडे घालायला लागतात. पण १ ते ९ हे आकडे नऊ घरांत ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात आणि त्यांतल्या फक्त आठ मांडण्या बरोबर ठरतात. त्या आठही मुळात एकाच चौरसाची फिरवलेली किंवा आरशात दिसणारी रूपं आहेत.

म्हणून पेन्सिल उचलण्याआधी बेरीज शोधावी. १ ते ९ ची एकूण बेरीज ४५. ती तीन आडव्या ओळींत सारखी वाटली जाते, म्हणजे प्रत्येक ओळीत १५. आता मधल्या घरातून जाणाऱ्या ओळी मोजू: एक आडवी, एक उभी, दोन तिरप्या. चार ओळींचे मिळून ६०. या बेरजेत कडेची आठ घरं एकेकदाच आली, मधलं घर मात्र चारदा आलं. ४५ पेक्षा जे १५ जास्त झाले, ते मधल्या घराच्या तीन जादा मोजण्यांमुळे. तर मध्ये ५ च हवा.

मग १ कुठे बसेल? १ घेऊन १५ करायचे दोनच मार्ग आहेत: १, ५, ९ आणि १, ६, ८. कोपऱ्यातलं घर तीन ओळींत असतं, त्याला तीन मार्ग लागतील. म्हणून १ कोपऱ्यात बसूच शकत नाही. तो कडेच्या मधल्या घरात, त्याच्या समोर ९, आणि त्याच्या दोन बाजूंना ६ व ८. बाकीची घरं वजाबाकीने भरतात:

६ १ ८
७ ५ ३
२ ९ ४

मधल्या घराचा हा नियम फक्त १ ते ९ पुरता नाही. आकडे कोणतेही असोत, तीन बाय तीनच्या चौरसात एका ओळीची बेरीज मधल्या आकड्याच्या तिप्पटच येते. समजा, मध्ये १२, वरच्या डाव्या कोपऱ्यात १५ आणि त्याच्या शेजारी, वरच्या ओळीत मधोमध, ७ एवढंच दिलं आहे. बेरीज सांगितलेलीच नाही, पण ती ३६ आहे हे आपल्याला कळलं. वरचा उजवा कोपरा ३६ − १५ − ७ = १४. मधल्या १२ मधून पलीकडे गेलं की १५ च्या समोर ९, ७ च्या समोर १७, १४ च्या समोर १०. डावीकडचं उरलेलं घर ३६ − १५ − १० = ११, त्याच्या समोर १३. आता न वापरलेली उजवी उभी ओळ तपासा: १४ + १३ + ९ = ३६. उत्तर बरोबर.

याच नियमाने सदोष कोडंही ओळखता येतं. पूर्णांक भरायला सांगून बेरीज ३४ दिली असेल, तर तीन बाय तीनचा तो चौरस बनणारच नाही, कारण ३४ ला ३ ने भाग जात नाही. दुसरा दोष सहज लक्षात येत नाही. वरच्या उदाहरणात ७ ऐवजी खालच्या उजव्या कोपऱ्यातला ९ दिला असता, तर आकडे तीनच राहिले असते, पण कोड्याला अनेक उत्तरं आली असती. १५ आणि १२ कळले की ९ आपोआप कळतो. त्याने नवं काहीच सांगितलं नाही. कोडी तयार करणाऱ्या शिक्षकांनी ही तपासणी जरूर करावी. बरोबर विचार करणारं मूल अशा कोड्यात अडकतं आणि स्वतःलाच दोष देतं, याचं फार वाईट वाटतं.

चार बाय चारच्या चौरसाला मधलं घर नसतं, तिथे दुसरा धागा पकडावा लागतो. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात असा चौरस कोरलेला आहे. प्रत्येक ओळीची बेरीज ३४, म्हणून तो चौतिसा यंत्र म्हणून ओळखला जातो. त्याच्या वरच्या दोन ओळी अशा:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११

मुलांना एवढंच द्यावं आणि एक सूचना करावी: कोणत्याही घरातून दोन घरं तिरपं गेल्यावर येणारा आकडा पहिल्यात मिळवला की १७ होतात. उजवीकडे जागा संपली तर डावीकडे वळून दोन घरं तिरपं जायचं. तिसऱ्या ओळीचं पहिलं घर वरच्या ओळीतल्या १ पासून असं दोन घरं दूर आहे, म्हणून तिथे १६. पुढचं १४ पासून, म्हणून ३. मग ७ मुळे १० आणि १२ मुळे ५. ताळा: १६ + ३ + १० + ५ = ३४. चौथी ओळ दुसरीवरून अशीच निघते: ९, ६, १५, ४. एवढं झालं की शेजारशेजारच्या कोणत्याही चार घरांचा छोटा चौकोन निवडून बेरीज करायला सांगावी. उदाहरणार्थ, अगदी मधला चौकोन: १३ + ८ + ३ + १० = ३४.