पेशी नॉर्मल झाल्या, म्हणून गोळी बंद?

डाव्या बरगडीखाली पोट जड वाटते, दोन घास खाल्ले तरी पोट भरते, वजन उतरते. जळगाव-धुळ्याकडे अशा माणसाची पानथरी वाढलेली दिसली की आधी हिवतापाची शंका येते. साध्या सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या, म्हणजे नेहमीच्या चार ते अकरा हजारांच्या कितीतरी पुढे, तर मात्र सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो. हा आजार आता बहुतेकदा गोळीने आटोक्यात राहतो. पण त्याच्याविषयीचे काही समज रुग्णाला अजूनही महागात पडतात.

गैरसमज : दोष जनुकात आहे, म्हणजे तो मुलाबाळांत उतरणार.

वस्तुस्थिती : हा दोष जन्मतः नसतो. मोठेपणी अस्थिमज्जेतील एका मूळ पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते. त्यात ९ वरचे एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटते. अशा आखूड झालेल्या २२ क्रमांकाच्या गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात, कारण ते १९६० मध्ये त्या शहरात प्रथम दिसले. ही अदलाबदल आहे, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. दोष फक्त रक्ताच्या पेशींत असतो, बीजपेशींत नसतो. त्यामुळे तो मुलांकडे जात नाही आणि संसर्गानेही पसरत नाही.

या जोडजनुकापासून बनणारे प्रथिन पेशीला सतत ‘वाढ’ असा हुकूम देत राहते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चालू स्थितीतच अडकून बसावा, तसे. इमॅटिनिब ही गोळी त्या प्रथिनाच्या ज्या खाचेत ऊर्जा देणारा रेणू बसतो, तीच खाच अडवते. अमेरिकेत २००१ मध्ये तिला मंजुरी मिळाली. त्याआधी बहुतेक रुग्णांचा आजार काही वर्षांतच उग्र रूप घेई. इमॅटिनिबच्या मूळ चाचणीत मात्र दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण जिवंत होते.

गैरसमज : स्वस्त देशी गोळी म्हणजे कमअस्सल.

वस्तुस्थिती : मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाखाच्या वर रुपये लागत, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाला दहा हजारांच्या आसपास. या औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले गेले, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही त्याला विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले. स्वस्त गोळीत घटक तोच असतो. ती काम करते की नाही, हे किमतीवरून नाही, तपासणीवरून ठरते.

गैरसमज : सीबीसी नॉर्मल आली, म्हणजे आजार गेला.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. समजा, शिरपूरकडच्या चाळीशीतल्या एका शेतकऱ्याच्या पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार होत्या. जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू झाले आणि दोन महिन्यांत सीबीसी नॉर्मल झाली. पण दोषी पेशी अजून शिल्लक असतात, आणि त्या मोजते ती बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी. तिला हाताच्या शिरेतले रक्त पुरते, दरवेळी अस्थिमज्जा काढावी लागत नाही. हे प्रमाण तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी १ च्या आत आणि वर्षाने ०.१ च्या आत यावे, अशी अपेक्षा असते. आपल्या शेतकऱ्याचे ते तीन महिन्यांनी ६ आणि वर्षाने ०.०८ आले, म्हणजे गाडी रुळावर होती.

मग कापूस वेचणीच्या धांदलीत, शिवाय डोळ्यांखाली सूज आणि पायांत गोळे येतात म्हणून, त्याने गोळ्या चुकवल्या. सीबीसी अजूनही नॉर्मलच, पण पीसीआर १.४ वर गेली. अशा वेळी डॉक्टर आधी विचारतात की महिन्यात किती गोळ्या चुकल्या. गोळ्या नियमित घेऊनही आकडा चढत असेल, तर जनुकात नवा बदल झाला आहे का, हे तपासतात आणि डॅसॅटिनिब, निलोटिनिब यांसारख्या पुढच्या गोळ्यांचा विचार करतात. टी३१५आय नावाचा बदल झाला असेल, तर या तिन्ही गोळ्या निष्प्रभ ठरतात आणि वेगळे औषध लागते. सूज आणि गोळे येणे यांवर उपाय असतात, म्हणून त्रास डॉक्टरांना सांगावा, परस्पर गोळी थांबवू नये.

गैरसमज : गोळी जन्मभर सुटत नाही.

वस्तुस्थिती : काहींची सुटते. किमान तीन वर्षे उपचार झाले असतील आणि पीसीआर निदान दोन वर्षे ०.०१ टक्के किंवा त्याहून खाली टिकली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहता येते. साधारण निम्म्या जणांत आजार परत डोके वर काढतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. गोळी लगेच सुरू केली, तर तो जवळजवळ नेहमीच पुन्हा आटोक्यात येतो. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करावी लागते. नमुना पाठवणे आणि वेळेत अहवाल मिळणे ज्याला जमणार नाही, त्याने गोळी चालू ठेवणेच शहाणपणाचे.