बाकी हीच किंमत : १८०४ ते १९६६

नववीच्या पुस्तकात शेष सिद्धांत चार ओळींत उरकतो. p(x) या बहुपदीला x − a ने भागले की p(x) = (x − a)·q(x) + r असे लिहिता येते. x च्या जागी a ठेवला की पहिले पद शून्य होते आणि उरते p(a) = r. म्हणजे बाकी काढली की किंमत मिळालीच. पण ज्यांनी ही बाकी झटपट काढण्याची मांडणी रूढ केली, त्यांना किंमत नकोच होती. त्यांना समीकरणांची मुळे हवी होती.

इटलीतील पाओलो रुफिनी यांनी १८०४मध्ये ही मांडणी दिली. १८१९मध्ये इंग्लंडच्या बाथ गावात शाळा चालवणारे विल्यम जॉर्ज हॉर्नर यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि रीतीला त्यांचेच नाव चिकटले. चीनच्या छिन च्यु-शाओ यांनी १२४७च्या ग्रंथात याच जातीच्या आकडेमोडीने मोठ्या कोटीची समीकरणे सोडवली होती. त्यामुळे एकट्या हॉर्नरचे नाव मला अपुरे वाटते.

रीत उदाहरणानेच पाहू. p(x) = x⁶ − ९x⁵ + १६x⁴ − १३x² + ५x − ४० ची x = ७ साठी किंमत हवी आहे. थेट ७ ठेवला तर ७ चा सहावा घात १,१७,६४९ होतो, पुढच्या पदात १,५१,२६३ वजा करावे लागतात आणि अशा मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत चूक हमखास शिरते. त्याऐवजी सहगुणक ओळीत लिहायचे : १, −९, १६, ०, −१३, ५, −४०. पहिला १ तसाच खाली उतरवायचा. त्याला ७ ने गुणून पुढच्या सहगुणकात मिळवायचे : ७ − ९ = −२. पुन्हा तेच : −१४ + १६ = २, मग १४ + ० = १४, ९८ − १३ = ८५, ५९५ + ५ = ६००, आणि शेवटी ४२०० − ४० = ४१६०. हीच बाकी, हीच p(७). सहा गुणाकार आणि सहा बेरजा-वजाबाक्या, त्याही बहुतेक तोंडी होणाऱ्या.

ओळीतला तो ० महत्त्वाचा. बहुपदीत x³ चे पद नाही, म्हणून सहगुणकही नाही असे समजून तो गाळला, तर उत्तर ४४ येते. ही किंमत पाचव्या कोटीच्या एका वेगळ्याच बहुपदीची असते. चूक पकडायला सोपे आहे : कोटी सहा असेल तर ओळीत सात संख्या हव्यात, एकही कमी नको.

शाळेत शेवटची संख्या चौकटीत टाकून बाकीची ओळ विसरली जाते, याची मला खंत वाटते. १, −२, २, १४, ८५, ६०० हे भागाकाराचे सहगुणक आहेत. त्यांनाच पुन्हा ७ ने तसेच चालवले की १, ५, ३७, २७३, १९९६, १४५७२ मिळतात, आणि १४५७२ हे p चे ७ पाशी विकलज, म्हणजे तिथे किंमत बदलण्याचा वेग. हॉर्नरचे काम या पुन:पुन्हा भागण्यावरच उभे होते. अशा बाक्यांमधून त्यांना मूळ ७ ने सरकवलेली नवी बहुपदी मिळे आणि मुळाचा पुढचा अंक शोधता येई.

संगणक आले आणि प्रश्न पालटला. आता प्रत्येक गुणाकाराला वेळ मोजावा लागत होता. १९५४मध्ये अलेक्झांडर ओस्त्रोव्स्की यांनी विचारले : n कोटीच्या बहुपदीची किंमत n पेक्षा कमी गुणाकारांत निघेल का? सहगुणक काहीही असू शकतात असे धरले, तर निघत नाही, हे १९६६मध्ये व्हिक्टर पान यांनी सिद्ध केले. रुफिनी-हॉर्नरची मांडणी याहून काटकसरीची होऊच शकत नाही.

मात्र 'सहगुणक काहीही असू शकतात' ही अट सोडली की चित्र बदलते. एकच बहुपदी हजारो वेळा वापरायची असेल, तर आधी तिच्या सहगुणकांवर मेहनत घेऊन पुढचे गुणाकार जवळपास निम्म्यावर आणता येतात. आणि x¹⁰⁰ + १ सारख्या विरळ बहुपदीत तर ही रीत तोट्याची : मधली नव्व्याण्णव शून्ये ओढत शंभर पायऱ्या चालावे लागते. तिथे वर्गाचा वर्ग करत x⁶⁴ पर्यंत सहा गुणाकार करायचे, मग x⁶⁴, x³² आणि x⁴ यांचा गुणाकार दोन पायऱ्यांत करायचा. एकूण आठ गुणाकारांत x¹⁰⁰ हाती येतो.