पत्रिकेत नऊ दोनदा, अकरा कुठेच नाही

जालन्यात माझ्याकडे पत्रिका घेऊन येणाऱ्यांत हल्ली एक प्रश्न वाढला आहे. मोबाइलवर काढलेली भावचलित कुंडली माझ्यापुढे धरायची आणि विचारायचं, "काका, यात अकरा आकडाच नाही. पोराची कुंभ रास गेली कुठं?" विचारणाऱ्याचं निरीक्षण चुकीचं नसतं. राशीकुंडलीत बारा घरांत बारा आकडे सरळ बसतात. कृष्णमूर्ती पद्धतीच्या भावचलितात मात्र कधीकधी एक आकडा दोन घरांवर येतो आणि दुसरा कुठेच दिसत नाही. त्याला इंग्रजी पुस्तकांच्या वळणाने आपल्याकडेही 'इंटरसेप्टेड रास' म्हणतात. म्हणजे भाव इतका लांब झाला की एक अख्खी रास त्याच्या पोटात गेली आणि तिच्या वाट्याला एकही भावारंभ आला नाही.

हे का होतं ते कळलं की वाचायचं कसं हा प्रश्न निम्मा सुटतो.

के. एस. कृष्णमूर्तींनी (1908–1972) आपल्या पद्धतीसाठी प्लॅसिडसची भावरचना घेतली. हे नाव सतराव्या शतकातल्या एका इटालियन साधूचं. ही रचना आकाशाचे समान तुकडे पाडत नाही, ती वेळेचे तुकडे पाडते. राशीचक्राचा एखादा अंश पूर्वेला उगवतो आणि माथ्यावर येतो, या दोन घटनांमधल्या वेळेचे तीन सारखे भाग करायचे. ज्या अंशाने यातला एक भाग संपवला आहे तो बाराव्याचा भावारंभ, ज्याने दोन संपवले तो अकराव्याचा. क्षितिजाखालीही असाच हिशोब चालतो. आता प्रत्येक अंशाची ही वेळ वेगळी असते. जालन्याचा अक्षांश सुमारे 19°50' उत्तर. इथे उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, हिवाळ्यातला सगळ्यात लहान अकरा तासांच्या आसपास. सूर्याचं जे होतं तेच राशीचक्राच्या प्रत्येक अंशाचं होतं: उत्तरेकडचे अंश आकाशात जास्त वेळ राहतात, दक्षिणेकडचे कमी.

शिवाय राशींचा उगवण्याचा वेगही सारखा नाही. जालन्यात निरयन मीन रास सुमारे 1 तास 34 मिनिटांत उगवून मोकळी होते, कन्येला 2 तास 8 मिनिटं लागतात. म्हणून पूर्वेला कुंभ-मीन असताना ठरावीक वेळेत राशीचक्राचा लांब पट्टा वर सरकतो आणि लग्नाच्या दोन्ही बाजूंचे भाव लांबतात. दशमाच्या बाजूचे भाव तेवढेच आखडतात. बारा भावांची बेरीज शेवटी 360 अंशच असायला हवी.

एक उदाहरण मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हाताने सोडवायला देतो. जन्म काल्पनिक आहे: 1 जानेवारी 2000, जालना, सकाळी 11 वाजून 35 मिनिटं. नाक्षत्रवेळ येते सुमारे 17 तास 50 मिनिटं. त्यावरून सायन भावारंभ काढायचे आणि त्या वर्षीचा कृष्णमूर्ती अयनांश, 23°46', वजा करायचा. पूर्ण अंशांत पाहिलं तर दशमारंभ धनु 4, लाभारंभ धनु 29, व्ययारंभ मकर 28, लग्न मीन 3, द्वितीयारंभ मेष 9, तृतीयारंभ वृषभ 8. समोरचे सहा भावारंभ याच अंशांवर, समोरच्या राशींत.

आता कुंडली मांडा. दहाव्यावर नऊचा आकडा, अकराव्यावर पुन्हा नऊ, बाराव्यावर दहा, लग्नी बारा. समोर चौथ्या आणि पाचव्यावर तीन, सहाव्यावर चार, सातव्यावर सहा. अकरा आणि पाच, म्हणजे कुंभ आणि सिंह, कुठेच नाहीत. बारावा भाव मकर 28 पासून मीन 3 पर्यंत, 35 अंशांचा आहे आणि संपूर्ण कुंभ त्याच्या आत आहे. दहावा भाव जेमतेम 25 अंशांचा, म्हणून धनु रास संपायच्या आत अकरावाही सुरू झाला. ही जोडी नेहमी बरोबर येते: एक रास गिळली गेली की दुसरीवर दोन भावारंभ येतात. आणि जे एका बाजूला होतं ते समोरही होतंच. यातलं एकच दिसत असेल तर गणितात चूक आहे, पुन्हा मांडा.

हीच तारीख, हेच जालना, पण रात्री पावणेबाराच्या सुमाराची पत्रिका काढली तर लग्नी कन्या येते आणि सगळे भाव 29 ते 30 अंशांचे निघतात, जवळजवळ समान. लंडनच्या अक्षांशावर मात्र हाच बारावा भाव 47 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि ध्रुववृत्तापलीकडे काही अंश उगवतच नाहीत, त्यामुळे ही रचना तिथे मोडते. म्हणून इंग्लंड-अमेरिकेच्या लेखकांनी गिळलेल्या राशींवर जेवढं लिहिलं तेवढं आपल्याला लागत नाही. आपल्याकडे हा प्रकार घडतो, पण थोडक्यात घडतो. आपल्या उदाहरणात कुंभ बाराव्याच्या पोटात राहते ती रोज साधारण 17 मिनिटं. त्या सकाळी 11:26 च्या आधी लग्न कुंभेतच होतं, आणि 11:43 नंतर व्ययारंभ स्वतःच कुंभेत आला.

इथेच पहिली तपासणी येते. दवाखान्याच्या कागदावर 11:35 असेल आणि आजी म्हणत असेल की "बारा वाजायला आले होते", तर आधी वेळ पक्की करा. दोन्ही टोकांना किती अंश शिल्लक आहेत ते पाहा. इथे व्ययारंभ कुंभेपासून दोन अंश मागे आणि लग्न मीनेच्या तीन अंश आत आहे, म्हणजे सात-आठ मिनिटांची चूक पचते. शुक्राचं मात्र तसं नाही. शुक्र वृश्चिकेच्या साडेसात अंशांवर, नवमारंभ आठ अंशांच्या किंचित पुढे. राशीकुंडलीत तो नवमात आहे, चलितात अष्टमात. जन्मवेळ चार-पाच मिनिटांनी मागे सरकली तर चलितातही तो नवमात जातो. अशा शुक्रावर भाकीत उभारणं म्हणजे दवाखान्यातल्या घड्याळावर भरवसा ठेवणं.

दुसरी तपासणी अयनांशाची. भाव किती लांब हे सायन-निरयनावर ठरत नाही, पण त्याच्या पोटात कोणती रास गेली हे ठरतं. याच क्षणाची सायन पत्रिका काढली तर कुंभ मोकळी राहते आणि लग्नभावात संपूर्ण मेष अडकते, सातव्यात तूळ. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकातलं 'अडकलेल्या मेषेचं' फळ उचलून निरयन पत्रिकेला चिकटवणं मला मान्य नाही. लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशांत फरक पाच-सहा कलांचाच आहे. भावारंभ राशीसंधीला तेवढाच चिकटून असेल तरच तो आड येतो.

मग वाचायचं कसं? माझी रीत साधी आहे. अडकलेल्या राशीबद्दल काही ठरवण्याआधी स्वामी पाहतो. बाराव्याच्या आरंभी मकर, स्वामी शनी. पोटात कुंभ, तिचाही स्वामी शनीच. म्हणजे बाराव्याच्या स्वामित्वात काडीचाही फरक पडला नाही. "कुंभ गेली" म्हणून घाबरलेल्या पालकांना मी हे आधी दाखवतो.

खरा फरक समोर आहे. सहाव्याच्या आरंभी कर्क, स्वामी चंद्र, आणि पोटात सिंह. राशीकुंडलीत मीन लग्नाला रवी षष्ठेश असतो. इथे त्याच्या नावावर एकही भावारंभ नाही आणि षष्ठेशपद चंद्राकडे गेलं. पंचमही चंद्राच्या हातून सुटून बुधाकडे आला, कारण पाचव्याचा आरंभ मिथुनेच्या 29 व्या अंशावर आहे. बुधाकडे आता चौथा, पाचवा आणि सातवा. गुरूकडे लग्न, दशम आणि लाभ. दोन ग्रहांनी मिळून सहा भाव घेतले. पत्रिकेचा तोल कुठे गेला ते या यादीत दिसतं.

रवीचं काय? तो धनु 16 अंशांवर दशमात बसला आहे आणि पूर्वाषाढा नक्षत्रात आहे, म्हणून नक्षत्रस्वामी शुक्राच्या भावांची फळं तो देईल, दशमाचीही देईल. मालकी गेली तरी बैठक राहते. अडकलेल्या राशीच्या स्वामीला त्या भावाचा दुय्यम मालक मानायचं की नाही यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. मी मानतो, पण शेवटच्या क्रमांकावर.

मंगळ कुंभेच्या चौथ्या अंशावर, म्हणजे अडकलेल्या राशीत. "दबलेला मंगळ" असं फळ इथे सहज तोंडावर येतं. पण तो धनिष्ठेत, स्वतःच्याच नक्षत्रात आहे, बाराव्यात बसला आहे आणि दुसऱ्या व नवव्या भावाचा स्वामी आहे. कृष्णमूर्तींच्या नियमाने तो 12, 2 आणि 9 या भावांचा थेट कारक ठरतो. रास अडकली म्हणून ग्रह अडकत नाही. उलट गुरू मेषेच्या दीड अंशावर आहे. राशीकुंडलीत तो द्वितीयात, इथे लग्नभाव मीन 3 पासून मेष 9 पर्यंत असल्याने लग्नात. भाव राशीऐवजी अंशांवरून मोजल्याचा मोठा परिणाम या गुरूवर झाला आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एवढं सगळं गणित पक्कं असलं तरी फळाचा भाग तसा नाही, हे मी समोरच्याला सांगतो. 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात 200 कुंडल्यांची चाचणी घेतली. पत्रिकेवरून हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं हे ज्योतिषांनी ओळखायचं होतं. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के आली, म्हणजे नाणं उडवून येतील त्याहून जास्त नाहीत. भावारंभ कुठे पडतो हे खगोलाचं उत्तर आहे. त्यावरून पोराचं लग्न कधी जमेल ही परंपरेची रीत आहे, तिला तसा पुरावा मिळालेला नाही.

म्हणून पत्रिकेत एखादा आकडा दिसला नाही तर शांत करायला धावू नका, खडाही घेऊ नका. आधी जन्मवेळेचा कागद शोधा, कोणता अयनांश वापरला ते विचारा आणि अडकलेल्या राशीच्या दोन्ही टोकांना किती अंश शिल्लक आहेत ते मोजून घ्या. या तिन्हींची उत्तरं न देता जो कुणी गेलेल्या राशीचा दोष सांगेल, त्याला दक्षिणा देऊ नका.