रंगाशिवाय सापडणारा अंत्यबिंदू

आम्लात ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडायचं, फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग टिकला की तोटी बंद करायची. शाळा-कॉलेजात केलेलं हे टायट्रेशन बहुतेकांना आठवत असेल. त्यातली खरी परीक्षा शेवटच्या एका थेंबाची असते. तो जास्त पडला की द्रावण भडक गुलाबी होतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पण द्रावण मुळातच तपकिरी किंवा गढूळ असेल तर? गोव्यातल्या माडाच्या सुरीपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये ही गुलाबी छटा ओळखायला डोळ्यांची चांगलीच कसरत होते. अशा वेळी रंगाकडे न बघता द्रावणातून वीज किती सहज वाहते ते मोजता येतं. या पद्धतीला कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन म्हणतात.

पाण्यात वीज वाहून नेतात ते आयन, पण सगळे आयन सारख्या ताकदीचे नसतात. 25 अंश सेल्सिअसला, अतिशय विरल द्रावणात, हायड्रोजन आयनाची वहनक्षमता साधारण 350 धरली तर त्याच एककात हायड्रॉक्साइडची 198, क्लोराइडची 76 आणि सोडियमची जेमतेम 50 भरते. हायड्रोजन आयन इतका पुढे का, याचं कारण मजेशीर आहे. बाकीचे आयन पाण्याच्या रेणूंच्या गर्दीतून वाट काढत स्वतः पुढे सरकतात. हायड्रोजन आयनाला तेवढी पायपीट करावी लागत नाही. पाण्याचा एक रेणू त्याला शेजारच्या रेणूकडे देतो आणि तो पुढच्याकडे. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे सरकवाव्यात, तसा हा प्रकार आहे. हायड्रॉक्साइडलाही याच युक्तीचा फायदा मिळतो, म्हणून दुसरा नंबर त्याचा. असं काहीतरी घडत असावं ही कल्पना ग्रोटहुस याने 1806 मध्येच मांडली होती.

आता एक उदाहरण आकड्यांत बघू. बीकरमध्ये 0.01 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 100 मिली आहे, ब्युरेटमध्ये 0.2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. बीकरमध्ये प्लॅटिनमच्या दोन पट्ट्यांचा सेल पूर्ण बुडेल असा सोडला आहे आणि त्याच्या तारा मीटरला जोडल्या आहेत. सुरुवातीला वाहकता कागदावरच्या हिशेबाने 4.26 मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर येते. प्रत्यक्ष मीटर याहून जरा कमी दाखवतो. आता 1 मिली हायड्रॉक्साइड सोडलं. त्यातल्या हायड्रॉक्साइडने आम्लातला हायड्रोजन आयन गाठला आणि दोघांचं पाणी झालं. क्लोराइड होता तिथेच राहिला. म्हणजे 350 ताकदीचा एक आयन गेला आणि त्याच्या जागी 50 ताकदीचा सोडियम आला. वाहकता 0.6 ने उतरून 3.66 झाली. पुढच्या मिलीला 3.06, मग 2.46, मग 1.86. दर मिलीला तीच अदलाबदल होत असल्यामुळे उतरणही तेवढीच, आणि आलेखावर सरळ रेषा.

5 मिलीला आम्ल संपतं. त्यानंतर सोडलेल्या हायड्रॉक्साइडला गाठायला हायड्रोजन आयनच उरलेला नसतो. 198 ताकदीचा हायड्रॉक्साइड आणि 50 ताकदीचा सोडियम दोघेही द्रावणात तसेच राहतात, त्यामुळे वाहकता चढू लागते. 6 मिलीला 1.76, 7 ला 2.25, 8 ला 2.75. दर मिलीला जवळजवळ 0.5 ची चढण. रेषेचा उतार उणे 0.6 वरून अधिक 0.5 झाला. दोन्ही रेषा पट्टीने वाढवल्या की त्या 5 मिलीवर छेदतात, आणि तोच अंत्यबिंदू.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. 5 मिलीचं रीडिंग आपण घेतलंच नाही. रंगाच्या पद्धतीत सगळी मदार शेवटच्या थेंबावर असते. इथे अंत्यबिंदूपासून लांबची रीडिंग जास्त कामाची असतात. अंत्यबिंदूच्या अगदी जवळचे बिंदू बऱ्याचदा रेषेवर बसत नाहीत, कारण तिथे काही क्षारांची पाण्याशी किंचित प्रतिक्रिया होते आणि कोपरा गोलसर दिसतो. ते बिंदू सरळ सोडून द्यावेत. प्रॅक्टिकलला विद्यार्थी सगळ्या बिंदूंतून एकच वळणदार रेष ओढतात आणि तिच्या तळाला अंत्यबिंदू समजतात. ते चूक आहे.

रेषा सरळ राहायला आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. ब्युरेटमधून जे येतं ते बीकरमधलं द्रावण विरलही करतं. 8 मिलीनंतर एकूण आकारमान 108 मिली झालेलं असतं, त्यामुळे मीटर 2.55 दाखवतो, त्याला 108 भागिले 100 ने गुणलं की वरचे 2.75 मिळतात. ही दुरुस्ती केली नाही तर रेषा वाकतात. म्हणूनच ब्युरेटमधलं द्रावण बीकरमधल्यापेक्षा निदान दसपट तीव्र घेतात, म्हणजे दुरुस्तीच लहान राहते. तापमानही सांभाळायला हवं. ते एका अंशाने वाढलं तर वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. मीटर आत एकदिश नव्हे तर उलटसुलट दिशेने वाहणारा प्रवाह वापरतो, नाहीतर पट्ट्यांवरच रासायनिक प्रक्रिया सुरू होऊन आकडे भरकटतात. आणि एखादं रीडिंग कारण नसताना घसरलं, तर आधी पट्ट्यांना हवेचा बुडबुडा चिकटलाय का ते बघावं.

आता व्हिनेगरकडे येऊ. त्यातलं असेटिक आम्ल दुर्बल, त्याचे फारच थोडे रेणू फुटून हायड्रोजन आयन देतात. म्हणून सुरुवातीचा आकडाच लहान असतो आणि इथे ‘व्ही’सारखी आकृती येत नाही. अगदी आरंभी किंचित उतरून वाहकता हळूहळू चढते, कारण न फुटलेल्या आम्लाच्या जागी सोडियम आणि असेटेट असे दोन आयन येत राहतात. 0.2 मोलर हायड्रॉक्साइडने ही चढण दर मिलीला 0.18 च्या आसपास असते. आम्ल संपलं की ती एकदम 0.5 होते. म्हणजे इथे चढण सुरूच राहते, फक्त तिचा उतार बदलतो. समजा 2 मिली व्हिनेगर 100 मिली पाण्यात घातलं आणि रेषा 6.7 मिलीवर छेदल्या. 6.7 ला 0.2 ने गुणून 1.34 मिलिमोल, त्याला असेटिक आम्लाच्या 60 ने गुणून 80 मिलिग्रॅम. 2 मिलीत 80 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलीत 4 ग्रॅम. द्रावणाचा रंग तपकिरी होता की काळा, याने या हिशेबात काहीच फरक पडत नाही.

पद्धतीची मर्यादा मात्र ठळक आहे. मीटर कोणता आयन आहे ते विचारत नाही, सगळ्यांची बेरीज दाखवतो. नमुन्यात आधीच भरपूर मीठ असेल तर सोडियम-क्लोराइडचा आकडा इतका मोठा होतो की आम्ल-अल्कलीमुळे होणारा बदल त्यात दिसेनासा होतो. तेव्हा मुरलेल्या लोणच्याच्या खारातली आंबटाई मोजायची असेल, तर हा मीटर बाजूला ठेवा आणि पीएच मीटर घ्या.