डावीकडे चित्र, उजवीकडे शब्द

माहितीपटाच्या संहितेचं पान उभं दोन भागांत आखलेलं असतं. डावीकडे पडद्यावर दिसणार ते आणि उजवीकडे ऐकू येणार ते. हौशी लेखक उजवीकडून लिहायला घेतो. आधी सगळं निवेदन झोकात लिहून काढतो आणि मग प्रत्येक वाक्याला कुठलं चित्र लावावं या विवंचनेत पडतो. आजीवरच्या फिल्ममध्ये तर हे हमखास होतं, कारण आजीबद्दल लिहिण्यासारखं भरपूर असतं आणि दाखवण्यासारखं त्या मानाने थोडं. मग ‘मायेची ऊब’, ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा’ असले शब्द येतात. त्यांच्याखाली आजीचे सुरकुतलेले हात चौथ्यांदा दिसतात.

उदाहरण म्हणून सात मिनिटांची एक फिल्म घेऊ. विषय आजीची गोधडी. आजी साताऱ्याकडची, तिच्या बोलण्यात गोधडीला ‘वाकळ’ म्हणतात. कॅमेरा नातीचा आणि निवेदनही तिचंच. चित्रण अजून व्हायचंय, पण कुठल्या दिवशी काय टिपायचं याची यादी तयार आहे. निवेदन या यादीवर लिहायचं.

पहिला प्रश्न वेळेचा. सात मिनिटं म्हणजे 420 सेकंद. त्यातला तिसरा हिस्सा निवेदनाला दिला तरी पुष्कळ झाला, कारण उरलेल्या वेळात आजीला बोलायचं असतं आणि कापडालाही स्वतःचा आवाज असतो. म्हणजे नातीच्या हातात साधारण 140 सेकंद आले. इंग्रजीत निवेदनाचा हिशेब शब्दांवर करतात, पण मराठीत शब्द मोजून फसगत होते. ‘तर’ हाही एक शब्द आणि ‘लुगड्याच्या’ हाही एकच. म्हणून अक्षरं मोजलेली बरी. शांतपणे वाचताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं होतात. त्या हिशेबाने फिल्मभर मिळून साडेसातशे अक्षरं मिळतात, म्हणजे वहीचं जेमतेम दीड पान. हे कळलं की ‘पिढ्यान्‌पिढ्या’ची चैन आपोआप परवडेनाशी होते.

यादीतलं पहिलं दृश्य असं: अंगणात दोरीवर जुनी लुगडी, आठ सेकंद. पहिल्या खर्ड्यात वाक्य येतं, ‘आजी जुनी लुगडी उन्हात वाळत घालते.’ वाक्यात चूक काही नाही, पण ते नसतं तरी चाललं असतं. दोरी, ऊन आणि लुगडी प्रेक्षकाला दिसतायत. न दिसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लुगडं कुणाचं. दुसरा खर्डा मग असा होतो: ‘हिरवं लुगडं थोरल्या मुलीच्या लग्नातलं. काठ विरला, पण पोत मऊ झाला.’ अक्षरं 29, म्हणजे पाच-सहा सेकंद. दोन सेकंद मोकळे राहतात आणि ते राहायलाच हवेत. नवं चित्र आल्याआल्या डोळा ते न्याहाळत असतो, तेवढ्यात कानावर वाक्य आदळलं तर दोन्ही हुकतं.

दुसऱ्या वाक्यात गोधडीच्या शास्त्राचीही एक बाब येऊन गेली. गोधडीला जुनंच सुती कापड लागतं ते केवळ काटकसरीपोटी नव्हे. धुऊन धुऊन खळ गेलेली असते, आटायचं तेवढं कापड आटलेलं असतं आणि चार-पाच पदरांतून सुई अडखळत नाही. मधे एखादं नवं कोरं कापड घातलं, तर पहिल्या धुण्यात तो थर आटतो आणि टाके ओढले जाऊन वाकळ चुरगळल्यासारखी दिसते. हे सगळं निवेदनात सांगू गेलं तर बारा-पंधरा सेकंद जातील. त्यापेक्षा आजीला विचारावं. तिने ‘नव्या कापडात सुई जाती व्हय?’ एवढं म्हटलं की नातीची दोन वाक्यं खोडायला हरकत नाही. आजी जे स्वतः बोलते, ते निवेदनात पुन्हा येता कामा नये. संहितेत अशा जागी उजवीकडे नुसतं ‘आजीचा आवाज’ लिहून सेकंद मोकळे ठेवतात.

फिल्मचा गाभा मात्र पुढे आहे, थर मांडण्यात आणि टाका घालण्यात. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर आधी एक धड लुगडं पसरतात, त्यावर फाटके तुकडे अंथरतात आणि वर पुन्हा धड लुगडं. कडांना दगड किंवा डबे ठेवतात, तळहाताने मधून बाहेर सुरकुत्या काढत जातात आणि मग लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात. या दृश्याला बारा सेकंद दिलेत. वाक्य: ‘खाली एक धड लुगडं, वर एक धड लुगडं. फाटकं सगळं मधे.’ अक्षरं 26, जेमतेम पाच सेकंद. उरलेले सात सेकंद कापड झटकल्याचा आणि हात फिरल्याचा आवाज ऐकायला. हे दृश्य वरून टिपायचं असा कॅमेरेवाल्यांचा आग्रह असतो आणि त्यासाठी ते माळ्यावर चढतात. वरून नक्षी छान दिसते, पण थर दिसत नाहीत. मधे काय दडलंय हे सांगणाऱ्या वाक्यासाठी कॅमेरा जमिनीलगत हवा, कडेचे पदर एकावर एक दिसतील असा. म्हणजे उजवीकडच्या वाक्याने डावीकडचं चित्र बदललं. चित्रणाआधी निवेदन लिहिण्याचा खरा फायदा हाच.

पक्का टाका पुष्कळ ठिकाणी कडेपासून सुरू होतो आणि चौकोनी फेऱ्या घालत आत येतो. यात एक गोम आहे. मांडताना कापडात थोडा जरी झोळ राहिला, तर प्रत्येक फेरीबरोबर तो आत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. कच्चे टाके नीट घातले होते की नाही, हे असं काही आठवड्यांनी कळतं. जाणती बाई दर दोन-तीन फेऱ्यांनी मधल्या भागावरून हात फिरवते. त्या हाताखाली कापड सरकतंय असं वाटलं की तिथले कच्चे टाके उसवून पुन्हा ताणून घालते. बघणाऱ्याला ती वाकळ कुरवाळतेय असं वाटतं. इथेच निवेदनाची गरज पडते, कारण चित्र एकटं खोटं बोलू शकतं. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करने 1950च्या दशकाच्या अखेरीस सैबेरियावर केलेल्या फिल्ममध्ये याकुत्स्क शहरातल्या रस्त्याची, बसची आणि मजुरांची तीच ती दृश्यं लागोपाठ तीनदा दाखवली. एकदा स्तुतीच्या निवेदनासह, एकदा निंदेच्या आणि एकदा तटस्थ. दृश्य तेच असूनही तीन वेगळी शहरं दिसतात. आजीच्या फिरत्या हातावर ‘किती ही माया!’ म्हटलं तर प्रेक्षकाला माया दिसेल, आणि ‘झोळ राहिलाच असेल, तर तो इथे कळतो’ म्हटलं तर तपासणी दिसेल. दुसरं वाक्य 17 अक्षरांचं आहे आणि खरंही.

मराठी वाक्याची एक अडचण इथे सांगायला हवी, कारण ती लिहिताना जाणवत नाही, चित्रावर वाचताना जाणवते. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘आजी सुईवर तीन-चार टाके एकदम घेऊन मग दोरा ओढते’ या वाक्यात ‘ओढते’ यायला चार सेकंद लागतात. पडद्यावर दोरा दुसऱ्याच सेकंदाला ओढून झालेला असतो आणि शब्द चित्राच्या मागून धापा टाकत येतो. यावर दोन उपाय. एक, वाक्य आधीच्या दृश्यावरच सुरू करायचं, म्हणजे क्रियापद नेमकं क्रियेवर पडतं. दुसरा, क्रियापदच गाळायचं: ‘एकदम तीन-चार टाके. मग दोरा.’ ओढणं तर दिसतंच आहे. 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट ज्यांनी चित्रपटगृहात पाहिलेत, त्यांना मूळ फिल्मपेक्षा लांबलेली आणि म्हणून धावत वाचलेली निवेदनं आठवत असतील. एकाच फिल्मवर अनेक भाषांची निवेदनं चढत. चित्राची लांबी सगळ्यांना सारखीच, आणि वाक्याची घडण मात्र ज्याच्या त्याच्या भाषेची.

आता बेतलेल्या चित्रणाचा धोका. ‘हिरवं लुगडं’ असं लिहिलं खरं, पण चित्रणाच्या दिवशी आजीने ते आधीच टरकावून दुपट्यात वापरलेलं असू शकतं. म्हणून संहितेत प्रत्येक वाक्यापुढे खूण करतात: बांधलेलं की मोकळं. ‘हे’, ‘इथे’, रंग, संख्या असलेलं वाक्य चित्राला बांधलेलं असतं. ते दृश्य मिळालं नाही तर वाक्यही गेलं. ‘टाका कडेने निघतो आणि फेऱ्या घालत मधे येतो’ हे वाक्य मोकळं आहे, शिवणाच्या कुठल्याही दृश्यावर चालेल. सगळीच वाक्यं मोकळी ठेवली तर फिल्म कुठल्याही आजीची होते, आणि सगळीच बांधली तर एक पावसाळी दिवस अर्धी संहिता घेऊन जातो. ज्यांच्यावर फिल्म उभी आहे त्या चार-पाच वाक्यांची दृश्यं सगळ्यांत आधी टिपून घ्यावीत, हे बरं.

काळाचाही असाच बंदोबस्त आधी करावा लागतो. दुपारच्या फावल्या वेळेत शिवली जाणारी वाकळ पुरी व्हायला आठवडे जातात. ते नुसतं सांगून भागत नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा जिथे ठेवला, तिथेच खूण करून पुढेही अधूनमधून ठेवायचा. तोच कोपरा, तीच आजी, वाढत गेलेल्या फेऱ्या. अशी तीन दृश्यं जोडली तर निवेदनाला ‘दिवस सरतात’ म्हणावं लागत नाही.

संहिता झाली की ती आजीला वाचून दाखवायची, तिच्याच बोलीत आणि सावकाश. ‘काठ विरला’वर ती मान हलवेल, पण ‘थोरल्या मुलीच्या लग्नातलं’ ऐकून कदाचित म्हणेल, ‘न्हाय गं, धाकटीच्या.’ नाती, तारखा आणि कुणाचं कापड कुठल्या वाकळेत गेलं, हे तिच्याशिवाय दुसरं कुणी तपासू शकत नाही. नातीने ‘आजी’ म्हणत ‘ती’ वापरायचं की गावाला ऐकवायचं म्हणून ‘त्या’, हेही इथेच ठरतं. निवेदन नातीच्या आवाजात असेल तर ‘त्या’ कानाला खोटं लागतं.

कच्चा आवाज मोबाइलवर टिपून तो संकलनात चित्राखाली टाकतात. पक्कं ध्वनिमुद्रण चित्र कायम झाल्यावरच करायचं, कारण संकलक लांबी बदलतोच. समजा दोरीवरच्या लुगड्यांचं आठ सेकंदांचं दृश्य पाचवर आलं. 29 अक्षरं आता बसत नाहीत. घाईने वाचून ती बसवण्यापेक्षा वाक्य तोडावं. ‘हिरवं लुगडं धाकट्या मुलीच्या लग्नातलं’ ही 16 अक्षरं दोरीपाशी ठेवावीत आणि ‘काठ विरला, पण पोत मऊ झाला’ ही 13 अक्षरं पुढच्या दृश्यावर न्यावीत, जिथे आजी कापड बोटांत चाचपून धड कुठलं आणि फाटकं कुठलं ते वेगळं काढत असते.